विश्लेषण : दुकानाचा करार तीन वर्षांचा, पण हिशेबात सहा वर्षे, असे का?

भाड्याच्या जागेवर चालणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात ‘लीज दायित्व’ नावाची एक रक्कम दिसते. कपड्यांची दालने, चित्रपटगृहांच्या साखळ्या, रुग्णालये, औषधांची दुकाने अशा कंपन्यांत ती बँकेच्या कर्जाइतकी, कधी त्याहून मोठीही असते. ही रक्कम किती असावी हे भाड्याच्या दरावर जितके अवलंबून असते, तितकेच ते एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर अवलंबून असते : कंपनी या जागेत नेमकी किती वर्षे राहणार? करारात तीन वर्षांचा लॉक-इन आणि पुढे मुदतवाढीचा पर्याय असेल, तर उत्तर तीन, सहा की नऊ? आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने २०२५ मध्ये लीजच्या मानकाचा आढावा घेण्यासाठी मते मागवली. भाडेकरूने स्वतःच्या अंदाजाने घेतलेल्या अशा निर्णयांतून मिळणारी माहिती वाचकाला उपयोगी पडते का, हा प्रश्नही त्यात विचारला आहे. हा निर्णय कसा घेतला जातो आणि तो चुकतो कुठे, याचा हा आढावा.

नियम काय सांगतो?

भारतात ‘इंड एएस ११६’ हे मानक १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या नक्तमूल्याच्या कंपन्यांना ते पाळावे लागते. त्याआधी बहुतेक दुकाने-कार्यालयांचे भाडे महिन्याच्या महिन्याला खर्चात पडत असे आणि ताळेबंदात त्याचा मागमूस नसे. नव्या मानकानुसार पुढील सर्व भाड्यांचे आजचे मूल्य काढून ते दायित्व म्हणून ताळेबंदात दाखवावे लागते. तेवढ्याच सुमारास ‘जागा वापरण्याचा हक्क’ ही मालमत्ता म्हणून समोरच्या बाजूला येते. मग दायित्वावर व्याज आणि मालमत्तेवर घसारा असे दोन खर्च नफा-तोटा पत्रकात जातात.

‘पुढील सर्व भाडी’ म्हणजे किती वर्षांची? यासाठी मानकाने लीज कालावधी ठरवण्याची रीत दिली आहे. जितकी वर्षे करार मोडता येत नाही, ती आधी धरायची. त्यात मुदतवाढीच्या पर्यायाची वर्षे मिळवायची. मात्र भाडेकरू तो पर्याय वापरणार याची ‘वाजवी खात्री’ असेल तरच. करार मध्येच सोडण्याचा पर्याय असेल, तर तो भाडेकरू वापरणार नाही याची वाजवी खात्री हवी.

ही खात्री किती टक्के, हे मानकाने सांगितलेले नाही. मात्र निम्म्याहून थोडी जास्त शक्यता पुरत नाही आणि शंभर टक्के निश्चितीही मागितलेली नाही. पट्टी उंच आहे, एवढे सर्वमान्य आहे. ‘आम्हाला इथेच राहायचे आहे’ ही व्यवस्थापनाची इच्छा या पट्टीला पुरत नाही. राहिले नाही तर कंपनीच्या पदरी काय नुकसान येते, हे पाहावे लागते.

आधी एक पायरी : पर्याय आहे तरी कोणाकडे?

अनेकदा चूक खात्रीच्या प्रश्नावर होत नाही, त्याच्या आधीच होते. करारातील मुदतवाढीचे कलम नीट वाचलेले नसते.

‘भाडेकरूने तीन महिने आधी लेखी कळवल्यास करार आणखी तीन वर्षांसाठी, ठरलेल्या भाड्याने वाढेल’ असे कलम असेल, तर पर्याय भाडेकरूचा आहे. मालकाला नाही म्हणता येत नाही. इथे वाजवी खात्रीचा प्रश्न विचारायचा.

‘दोघांच्या संमतीने, त्या वेळी ठरेल त्या भाड्याने करार वाढवता येईल’ असे कलम आपल्याकडे फार आढळते. यात भाडेकरूला हक्क असा काही मिळत नाही. मालक नाही म्हणू शकतो. असे कलम नसते तरी दोघांनी मिळून नवा करार केलाच असता. म्हणून ही वर्षे सहसा लीज कालावधीत येत नाहीत, मग कंपनी तिथे वीस वर्षे राहण्याचा बेत करत असली तरी.

तिसरा प्रकार उलटा आहे. करार नऊ वर्षांचा, पण मध्येच सोडण्याचा हक्क फक्त मालकाला. भाडेकरूच्या दृष्टीने नऊही वर्षे बांधलेली आहेत, कारण मालकाने जा म्हटले नाही तर त्याला भाडे भरावेच लागणार. ती सगळी वर्षे मोजायची.

चौथा प्रकार सर्वात फसवा. ‘कोणताही पक्ष तीन महिन्यांची सूचना देऊन करार संपवू शकतो’ असे लिहिलेले असते आणि तो संपवेपर्यंत करार आपोआप चालू राहतो. अनेक कंपन्या इथे तीन महिने एवढाच कालावधी धरून मोकळ्या होत. नोव्हेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अर्थ लावणाऱ्या समितीने, म्हणजे ‘आयफ्रिक’ने, यावर स्पष्टीकरण दिले. करार संपवल्यास होणारा दंड म्हणजे कलमात लिहिलेली रक्कमच नव्हे. होणारे एकूण आर्थिक नुकसान पाहायचे. भाडेकरूने जागेत लाखो रुपयांचे पक्के काम केले असेल, तर सूचना देऊन बाहेर पडणे त्याला फुकट पडत नाही. दोघांपैकी एकाला जरी असे लक्षणीय नुकसान होत असेल, तर करार सूचनेच्या मुदतीपलीकडेही बंधनकारक धरायचा आणि मग खात्रीचा प्रश्न विचारायचा.

उदाहरणाने पाहू : लक्ष्मी रोडवरचे दालन

समजा, एका कापड कंपनीने पुण्यात लक्ष्मी रोडवर दालनासाठी जागा घेतली. करार ‘तीन अधिक तीन अधिक तीन’ असा. पहिली तीन वर्षे लॉक-इन. त्यानंतर दोनदा, दर वेळी तीन वर्षांसाठी, मुदत वाढवण्याचा हक्क फक्त भाडेकरूला. भाडे वर्षाला २४ लाख रुपये आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, म्हणजे पुढे २७.६ लाख आणि शेवटच्या टप्प्यात ३१.७४ लाख. दालन सजवायला कंपनीने ६० लाख खर्च केले : फरशी, छत, वातानुकूलन, ट्रायल रूम, दर्शनी भाग. हे सगळे त्या जागेत पक्के बसवलेले. सोडून जाताना उचलून नेता येणार नाही. कंपनी दर सहा वर्षांनी दालनाची सजावट पूर्ण बदलते. कंपनीला कर्ज १० टक्के व्याजाने मिळते. तोच दर सगळीकडे धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून भाडे वर्षाअखेर एकदम दिले जाते असे मानू.

आता तीन उत्तरांचे तीन परिणाम पाहा (रक्कम लाख रुपयांत) :

| लीज कालावधी | पहिल्या दिवशीचे दायित्व | पहिल्या वर्षीचा घसारा | पहिल्या वर्षीचे व्याज | एकूण खर्च |
|---|---|---|---|---|
| ३ वर्षे | ५९.६८ | १९.८९ | ५.९७ | २५.८६ |
| ६ वर्षे | १११.२५ | १८.५४ | ११.१३ | २९.६७ |
| ९ वर्षे | १५५.८१ | १७.३१ | १५.५८ | ३२.८९ |

तिन्ही ओळींत दालन तेच, करार तोच, आणि पहिल्या वर्षी हातातून गेलेले भाडेही तेच २४ लाख. तरी दायित्व जवळजवळ ६० लाखांपासून दीड कोटीच्या पुढे जाते. खर्च पहिल्या वर्षी भाड्यापेक्षा जास्त दिसतो, कारण सुरुवातीला दायित्व मोठे आणि व्याज जास्त असते, शिवाय पुढची वाढीव भाडीही घसाऱ्यात आधीच पसरलेली असतात. शेवटच्या वर्षांत हे उलटते. धरलेल्या कालावधीत एकूण खर्च आणि एकूण भाडे यांचा आकडा सारखाच येतो.

अशी दोनशे दालने असलेल्या कंपनीत हा फरक कुठल्या कुठे जातो, हे वेगळे सांगायला नको. कर्ज देताना बँक कंपनीचे कर्ज आणि भागधारकांचे भांडवल यांचे गुणोत्तर पाहते. लीज दायित्व त्यात धरले जात असेल, तर तीन ऐवजी नऊ म्हटल्याने कंपनी एकाएकी कर्जबाजारी दिसू शकते. म्हणून व्यवस्थापनाचा कल लहान कालावधीकडे असतो.

मग या दालनाचे बरोबर उत्तर कोणते?

उत्तर शोधण्याची रीत अशी की, प्रत्येक पर्यायाच्या तारखेला मनाने उभे राहायचे आणि तिथून बाहेर पडल्यास काय गमावले जाईल ते मोजायचे. मात्र हे आज, म्हणजे जागा ताब्यात येते त्या दिवशी, हाती असलेल्या माहितीवर करायचे.

पहिली तारीख तिसऱ्या वर्षाअखेरची. सजावटीचे ६० लाख सहा वर्षांत वापरले जाणार, म्हणजे वर्षाला १० लाख. तिसऱ्या वर्षाअखेर ३० लाखांचे काम अजून कामाचे असेल. जागा सोडली तर ते तिथेच राहील. शिवाय नवी जागा शोधणे, दलाली, नवी सजावट, स्थलांतराच्या काळात बुडालेला धंदा हा खर्च वेगळा. पुढच्या तीन वर्षांचे भाडे वर्षाला २७.६ लाख. म्हणजे केवळ सोडून दिलेली सजावटच वर्षभराच्या भाड्याहून मोठी आहे. बाजारभाव करारातील भाड्याच्या आसपास राहील असे दिसत असेल, तर कंपनी पहिली मुदतवाढ घेणार असे म्हणायला भक्कम आधार आहे.

दुसरी तारीख सहाव्या वर्षाअखेरची. तोवर सजावट पूर्ण जुनी झालेली असेल. राहायचे ठरले तरी नव्याने पैसा घालावा लागणार आणि दुसरीकडे गेले तरी घालावा लागणार. बांधून ठेवणारे काही उरलेले नसेल. सहा वर्षांनंतर कपड्यांची गिऱ्हाइके लक्ष्मी रोडवरच येतील की उपनगरातील मॉलकडे वळतील, हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून दुसरी मुदतवाढ धरता येत नाही.

उत्तर : सहा वर्षे. दायित्व १११.२५ लाख.

तारीख जितकी लांब, तितकी खात्री कमी, हे इथे दिसते. आणखी एक गोष्ट मानक स्वतःच सांगते. लॉक-इन जितका लहान, तितकी मुदतवाढीची शक्यता जास्त. कारण एवढ्या लवकर जागा बदलण्याचा खर्च वसूल व्हायला वेळच मिळालेला नसतो. त्यामुळे ‘आमचा लॉक-इन एकाच वर्षाचा आहे, म्हणून कालावधी एक वर्ष’ हा युक्तिवाद बहुधा उलट अंगावर येतो.

कंपनीची आजवरची सवयही पुरावा म्हणून पाहिली जाते. या प्रकारच्या दालनांत ती साधारण किती वर्षे राहते, किती ठिकाणी पहिल्याच मुदतीनंतर बाहेर पडली, का पडली? जागेचे महत्त्वही पाहावे लागते. मुख्य कार्यालय, प्रयोगशाळा, ज्या पत्त्यावर परवाना मिळाला आहे ते रुग्णालय, यांना पर्यायी जागा सहज मिळत नाही. गोदामाच्या चार भिंती मात्र शेजारच्या गावातही मिळतात.

चूक पकडायची कशी?

यासाठी लेखापरीक्षक एक साधी ताडणी करतात. लीज कालावधी आणि सजावटीचे आयुष्य हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे.

वरच्या दालनात कंपनीने लीज कालावधी तीन वर्षे धरला, पण ६० लाखांच्या सजावटीवर घसारा मात्र सहा वर्षांचा लावला असे समजू. एका तक्त्यात ती म्हणते, ‘तीन वर्षांनी राहू याची खात्री नाही’. दुसऱ्या तक्त्यात म्हणते, ‘या जागेतील फरशी आणि छत आम्ही सहा वर्षे वापरणार.’ दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. आयफ्रिकच्या २०१९ च्या स्पष्टीकरणाने याच जोडीकडे बोट दाखवले आहे. जागेत पक्के केलेले काम लीज कालावधीपलीकडे वापरायची अपेक्षा नसेल, तर त्याचे आयुष्य लीज कालावधीइतकेच धरावे लागेल. पलीकडेही वापरायची अपेक्षा असेल, तर लीज कालावधीच कमी धरला गेला नाही ना, हे तपासावे लागेल.

हा विरोधाभास नकळत होतो असे नाही. त्यामागचा मोह आकड्यांत दिसतो. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च तीन प्रकारे मांडू. दोन्हीकडे सहा वर्षे धरली तर लीजचे २९.६७ लाख आणि सजावटीचा घसारा १० लाख, मिळून ३९.६७ लाख. दोन्हीकडे प्रामाणिकपणे तीन वर्षे धरली तर लीजचे २५.८६ लाख, पण सजावटीचा घसारा २० लाख होतो, बेरीज ४५.८६ लाख. आणि लीजला तीन, सजावटीला सहा असे धरले तर फक्त ३५.८६ लाख. नफा सर्वात जास्त दिसतो तो याच विसंगत मांडणीत, आणि दायित्वही सर्वात कमी.

हे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या भांडवली बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, मुख्य लेखापालांनी लीजच्या हिशेबाबाबत एक जाहीर पत्र काढले. तेव्हाचे मानक वेगळे होते, पण दुखणे हेच होते. भाड्याचा खर्च मूळ, लहान मुदतीवर पसरायचा आणि सजावटीचा घसारा मात्र मुदतवाढ धरून लांब काळावर, अशी पद्धत रूढ झाली होती. त्या सुमारास अनेक रेस्तराँ आणि दुकानांच्या साखळ्यांना आधीच्या वर्षांचे जाहीर केलेले हिशेब दुरुस्त करावे लागले.

ताडणी करताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. सगळी सजावट बांधून ठेवणारी नसते. सुटे रॅक, संगणक, खुर्च्या उचलून दुसऱ्या दालनात नेता येतात. त्यांचे आयुष्य लीज कालावधीपेक्षा जास्त असले तरी त्यात विरोधाभास नाही. म्हणून ६० लाखांतले नेता येणारे किती आणि भिंतीत गेलेले किती, ही विभागणी आधी हवी.

अकरा महिन्यांच्या कराराचे काय?

महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ची सवय जुनी आहे. नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, त्यातून ही वाट रूढ झाली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले, तरी अकरा महिन्यांचा आकडा टिकून राहिला.

हिशेबात या आकड्याला आणखी एक आकर्षण आहे. लीज कालावधी बारा महिने किंवा कमी असेल आणि जागा विकत घेण्याचा पर्याय करारात नसेल, तर मानक सवलत देते. दायित्व न दाखवता भाडे सरळ खर्चात टाकता येते. पण सवलत कागदावरच्या मुदतीला नसून ठरवलेल्या लीज कालावधीला आहे.

त्यामुळे कागद नीट पाहावा लागतो. अकरा महिने संपल्यावर करार खरोखर संपतो, मालक नवा करार नाकारू शकतो आणि जागेत कंपनीने विशेष काही गुंतवलेले नाही, अशी स्थिती असेल तर सवलत टिकते. दर वर्षीचा नवा करार हा नवा हिशेब. पण कागद अकरा महिन्यांचा, त्यात भाडेकरूच्या मर्जीने चार वेळा वाढवण्याचा हक्क आणि जागेत ४० लाखांचे पक्के काम, असे असेल तर लीज कालावधी अकरा महिने म्हणणे टिकणार नाही. मुदत आपोआप वाढत जाणाऱ्या करारालाही आयफ्रिकचे वर सांगितलेले स्पष्टीकरण लागू होते.

एकदा ठरवलेला कालावधी बदलता येतो का?

बदलता येतो, पण वाटेल तेव्हा नाही. दोन गोष्टी लागतात. काही महत्त्वाची घटना घडलेली असावी किंवा परिस्थिती लक्षणीय बदललेली असावी आणि ती कंपनीच्या स्वतःच्या हातातली असावी. शिवाय तिच्यामुळे पर्याय वापरण्याच्या खात्रीवर परिणाम झालेला असावा.

लक्ष्मी रोडच्या दालनाकडे परत जाऊ. चौथे वर्ष संपताना कंपनी, आधी कधीही बेत नसताना, वरचा मजला जोडून घेते आणि तिथे लग्नाच्या खरेदीसाठी खास विभाग उभारते. ही गुंतवणूक तिच्या हातातली आहे आणि ती सहाव्या वर्षी सोडून जाणे आता महाग पडणार आहे. म्हणजे दुसरी मुदतवाढही आता वाजवी खात्रीची झाली. लीज कालावधी नऊ वर्षांचा होतो, म्हणजे उरलेली वर्षे दोन ऐवजी पाच.

फेरमोजणी करताना व्याजदरही त्या दिवसाचा घ्यावा लागतो. तो ९ टक्के आहे असे समजू. त्या दिवशी जुन्या हिशेबाने दायित्व ४७.९० लाख उरलेले असते. नव्या हिशेबाने पाच वर्षांच्या भाड्यांचे मूल्य ११६.१७ लाख येते. फरक ६८.२७ लाखांचा. तो दायित्वात वाढतो आणि तेवढाच जागेच्या हक्काच्या मालमत्तेतही वाढतो. नफा-तोट्याला त्या दिवशी धक्का लागत नाही. मालमत्तेचे शिल्लक ३७.०८ लाख आणि ही वाढ मिळून १०५.३५ लाख होतात. ते उरलेल्या पाच वर्षांत, वर्षाला सुमारे २१ लाख, असे घसाऱ्यात जातात. आधी हा घसारा साडेअठरा लाख होता.

आता दुसरी शक्यता. कंपनीने काहीच केले नाही, पण परिसरातील भाडी एकदम वाढली आणि करारातील ठरलेले भाडे स्वस्त वाटू लागले. व्यवहारात कंपनी आता नक्कीच राहील असे कोणीही म्हणेल. तरी बाजारातील बदल एवढ्याच कारणाने लीज कालावधीची फेरमोजणी होत नाही, कारण तो कंपनीच्या हातात नव्हता. असे केले नसते तर भाड्याच्या प्रत्येक चढ-उतारासरशी ताळेबंद हलत राहिला असता.

उलट दिशेनेही हेच. संचालक मंडळाने दालन तिसऱ्या वर्षाअखेर बंद करण्याचा निर्णय घेतला, तर तो कंपनीचा स्वतःचा निर्णय आहे. कालावधी कमी करावा लागतो; दायित्व आणि मालमत्ता दोन्ही खाली येतात. गृहीत न धरलेला पर्याय प्रत्यक्ष वापरला, किंवा गृहीत धरलेला पर्याय प्रत्यक्षात वापरला नाही, तरी न मोडता येणाऱ्या वर्षांचा आकडा बदलतो आणि हिशेब नव्याने करावा लागतो.

इथे व्यवहारातली अडचण अशी की, दालन वाढवण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय प्रकल्प विभाग घेतो आणि हिशेब विभागाला तो कळतो मार्चअखेर, कधी तेव्हाही नाही. फेरमोजणी मात्र घटना घडल्या दिवशीची हवी. म्हणून लेखापरीक्षक वर्षअखेरीला लीजच्या यादीबरोबर संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते आणि त्या वर्षीचा बांधकाम-सजावटीचा खर्चही मागतात. ज्या पत्त्यावर मोठा खर्च झाला आणि ज्या लीजचा कालावधी तसाच राहिला, तिथे पहिला प्रश्न विचारला जातो.

सामान्य गुंतवणूकदाराने काय पाहावे?

वार्षिक अहवालात लीजची टीप शोधावी. तिथे तीन गोष्टी मिळतात. पहिली, ‘महत्त्वाचे निर्णय व अंदाज’ या भागात मुदतवाढीच्या पर्यायांबद्दल कंपनी काय म्हणते. ‘वाजवी खात्री असल्यास पर्याय धरला आहे’ एवढेच लिहिले असेल तर ते मानकातील वाक्य झाले. कंपनीने खरोखर काय पाहिले, किती वर्षे धरली, हे सांगितले असेल तर माहिती झाली. दुसरी, जागेच्या हक्काची मालमत्ता आणि भाड्याच्या जागेतील सजावट या दोन्हींची आयुष्ये. ती एकमेकांपासून फार दूर असतील तर कारण शोधावे. तिसरी, जी मुदतवाढ दायित्वात धरलेली नाही तिच्यामुळे पुढे किती भाडे द्यावे लागू शकते, याची माहिती. वाचकाला गरज असेल तर ती देणे मानकाला अपेक्षित आहे, पण सगळ्याच कंपन्या ती आकड्यांत देत नाहीत.

एकाच धंद्यातील दोन कंपन्यांची तुलना करताना हे विशेष उपयोगी पडते. एकीचे लीज दायित्व दुसरीच्या निम्मे असेल, तर ती कमी भाडे भरते असा निष्कर्ष लगेच काढू नये. रोख प्रवाह पत्रकात लीजपोटी वर्षभरात प्रत्यक्ष किती पैसे गेले ते पाहावे आणि दायित्वाला त्या रकमेने भागावे. दालनाच्या उदाहरणात सहा वर्षांच्या हिशेबाने हे गुणोत्तर साडेचारच्या वर येते, तीन वर्षांच्या हिशेबाने अडीचच्या आसपास. मोजमाप ढोबळ आहे, कारण चालू कंपनीत काही लीज नव्या तर काही संपत आलेल्या असतात. पण सारख्याच वयाच्या आणि सारख्याच बाजारपेठांतील दालने असलेल्या दोन कंपन्यांत हा आकडा दुप्पट-तिप्पट वेगळा दिसला, तर फरक भाड्यात नसून गृहीत धरलेल्या वर्षांत असण्याची शक्यता मोठी आहे.